गच्चीवर भाजी लावताना: ग्रो बॅग, सिमेंटची कुंडी की उंच वाफा?

गच्चीवर भाजी लावायची ठरली की पहिला प्रश्न येतो तो वांगी कुठे आणि टोमॅटो कुठे हा. खरं तर पहिला प्रश्न स्लॅबचा असायला हवा. जमिनीवरच्या बागेत मातीचं वजन कोणी मोजत नाही, कारण ते पेलायला खाली अख्खी पृथ्वी असते. गच्चीवर तेच वजन कोणाच्या तरी झोपायच्या खोलीच्या छतावर येतं. ग्रो बॅग, सिमेंटची कुंडी आणि उंच वाफा यांतला सगळ्यात मोठा फरक दिसण्यात किंवा टिकाऊपणात नाही. एका चौरस मीटरवर ओलं वजन किती येतं आणि पाणी खालून कसं निघून जातं, फरक तिथे आहे. म्हणून हा लेख त्या दोन गोष्टींभोवतीच फिरतो.

आधी गच्ची तपासा

माणसांचा वावर धरून बांधलेल्या गच्चीसाठी आराखड्यात बरेचदा चौरस मीटरला साधारण 150 किलोचा वापराचा भार धरलेला असतो. काही इमारतींत तो जास्त असतो. वर जायला नीट जिनाच नसलेल्या छतासाठी तो याच्या निम्माही असू शकतो. या आकड्यात माणसं, खुर्च्या, पाहुणे सगळं आलं. म्हणून मी बागेसाठी त्यातला निम्माच वाटा धरतो, म्हणजे सरासरी 75 किलो. हा माझा सावधपणा आहे, नियम नव्हे. इमारत जुनी असेल, खालच्या छताला भेगा असतील, प्लास्टरवर गंजाचे तांबूस डाग उमटले असतील किंवा सळई उघडी पडली असेल, तर एकही बॅग वर नेण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. अशा वेळी लेखातले आकडे कामाचे नाहीत.

स्लॅब सगळीकडे सारखा मजबूत नसतो. खाली बीम किंवा भार घेणारी भिंत जाते त्या रेषेवर तो जास्त वजन पेलतो, खोलीच्या मधोमध कमी. खालच्या मजल्यावर जाऊन बीम कुठून जातात ते बघा आणि गच्चीवर खडूने त्या रेषा आखून घ्या. जड वस्तू या रेषांजवळ ठेवायच्या. भिंतीबाहेर लोंबणाऱ्या छज्ज्यावर काहीच ठेवायचं नाही, हलकी बॅगसुद्धा नाही.

यानंतर गळती तपासा. पाणी जाण्याची तोंडं ओल्या कापडाने बुजवून गच्चीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवा आणि खालच्या छतावर ओल उमटते का ते पाहा. एवढं पाणी चौरस मीटरला वीस ते तीस किलो भरतं, तेव्हा पातळी त्याहून वाढू देऊ नका. गळती आधीपासूनच असेल तर आधी वॉटरप्रूफिंग, मग बाग. वीस बॅगा मांडून झाल्यावर गळती सापडली तर ती नेमकी कुठून येते हे शोधणं महाकठीण जातं.

तुमच्या मिश्रणाचं ओलं वजन काढा

वजनाचा सगळा हिशेब एका आकड्यावर उभा असतो: तुमचं मिश्रण पूर्ण भिजल्यावर लिटरला किती भरतं. तो घरीच काढता येतो. दहा लिटरच्या जुन्या बादलीला तळाशी आठ-दहा भोकं पाडा. मिश्रण भरून हाताने हलकं दाबा आणि खालून पाणी वाहेपर्यंत भिजवा. अर्धा तास निथळू द्या, मग वजन करा. बादलीचं वजन वजा करून दहाने भागलं की आकडा हातात आला.

नुसती बागेतली माती अशी भिजली की लिटरला दीड किलोच्या वर सहज जाते. गच्चीवर नुसती माती वापरू नये याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण असं की बंद भांड्यात ती काही महिन्यांत दगडासारखी घट्ट होते. मी मापाने चार भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तीन भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, दोन भाग माती आणि एक भाग पर्लाइटचे हलके पांढरे दाणे किंवा भाताचं तूस असं मिश्रण करतो. ते भिजून लिटरला एक किलोच्या आसपास राहतं. पुढच्या हिशेबात मी लिटरला 0.95 किलो धरलं आहे. तुमचा आकडा वेगळा आला तर तोच वापरा.

कोकोपीट विकत घेताना ते धुतलेलं आहे का ते विचारा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ बरंच असतं. ते भिजवून पिळून पाणी टाकून द्यायचं, असं दोन-तीन वेळा. हे न केल्यास रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि आपण उगाच खताला दोष देत बसतो.

तिन्ही भांडी तराजूवर

उंच वाफ्यापासून सुरुवात करू, कारण गच्चीवर सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते. एक चौरस मीटर जागेत 30 सेंटिमीटर खोल मिश्रण म्हणजे 300 लिटर. आपल्या हलक्या मिश्रणातही ते 285 किलो भरतं, म्हणजे 150 च्या जवळपास दुप्पट. निम्मी माती घातली तर चारशेच्या दिशेने सरकतं. विटांचा वाफा बांधला तर भिंतीचं वजन वेगळं: 10 सेंटिमीटर जाड आणि 30 सेंटिमीटर उंच वीटकामाचा एक मीटर पन्नास किलोच्या पुढे जातो. जमिनीवरच्या बागेसाठी आखलेली वाफ्याची मापं गच्चीवर आणली की हे असं होतं. गच्चीवरचा वाफा 20 सेंटिमीटरपेक्षा खोल नको. त्यातही चौरस मीटरला 190 किलो होतातच, म्हणून तो लहान हवा, अरुंद हवा आणि बीमच्या रेषेवर हवा.

सिमेंटच्या कुंडीची गंमत वेगळी आहे. बाहेरून 45 सेंटिमीटर लांब-रुंद-उंच आणि चार सेंटिमीटर जाड भिंतीची चौकोनी कुंडी घ्या. तिच्यात काँक्रीट साधारण 35 लिटर बसतं आणि काँक्रीटचं वजन लिटरला 2.4 किलो. म्हणजे रिकामी कुंडीच 84 किलोची. आत, वरची पाच सेंटिमीटर सोडून, 49 लिटर मिश्रण बसतं, त्याचे 47 किलो. एकूण 131 किलोंपैकी झाडाच्या कामाचे जेमतेम एक तृतीयांश. उरलेलं सगळं वजन स्लॅब भिंतींसाठी सोसतो. भाजीसाठी हा सौदा तोट्याचा.

ग्रो बॅगचं स्वतःचं वजन हिशेबात धरण्याइतकंही नसतं. 15 इंच व्यास आणि 15 इंच उंचीच्या बॅगेत वरची पाच सेंटिमीटर सोडून 37 लिटर मिश्रण बसतं, म्हणजे साधारण 35 किलो. बॅगच्या तळाखाली दाब जास्त असला तरी तुम्ही दोन बॅगांच्या मध्यांत 60 सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर प्रत्येक बॅगेच्या वाट्याला 0.36 चौरस मीटर जागा येते आणि सरासरी भार 97 किलोवर उतरतो. टोमॅटो, वांगी, मिरची यांना वाऱ्यासाठी एवढं अंतर लागतंच. झाडाची गरज आणि स्लॅबची गरज इथे एकाच बाजूला येतात. वाफ्यात मात्र माती सलग असते, मधली मोकळी जागा नसतेच.

एक गच्ची मांडून पाहू

समजा, पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद गच्ची बागेसाठी मोकळी आहे. 20 चौरस मीटर गुणिले 75, म्हणजे आपल्याकडे 1500 किलोंचं अंदाजपत्रक. सरासरीची एक मर्यादा ध्यानात ठेवा: एकूण बेरीज बसली म्हणून सगळं वजन एका कोपऱ्यात रचता येत नाही.

आठ चौरस मीटरचे, 25 सेंटिमीटर खोल वाफे केले तर दोन हजार लिटर मिश्रण लागेल, 1900 किलो, चौकट वेगळी. बाद. वीस सिमेंटच्या कुंड्या मांडल्या तर 2600 किलोंच्या वर जाऊ आणि त्यात मिश्रण हजार लिटरही बसणार नाही. त्याहून बाद. 15 इंची चाळीस बॅगा 1400 किलोंत बसतात आणि जवळजवळ दीड हजार लिटर मिश्रण देतात. पण चाळीस बॅगांमध्ये पालक, मेथी, कोथिंबीर पेरणं हे चमच्याचमच्याने शेती केल्यासारखं आहे. पालेभाज्यांना खोली थोडी आणि पसारा मोठा लागतो, तिथे वाफाच बरा.

म्हणून मी असं मांडीन. फळभाज्यांसाठी 15 इंची 22 बॅगा: 770 किलो. पालेभाज्या आणि मुळ्यासाठी 2.4 मीटर लांब, 90 सेंटिमीटर रुंद, 20 सेंटिमीटर खोल असा एकच वाफा, पायांवर उचललेला: मिश्रण 410 किलो, चौकट 40. आणि खाली खांब असलेल्या कोपऱ्यात लिंबासारख्या कायमच्या झाडासाठी एकच सिमेंटची कुंडी: 131 किलो. वेलांच्या मांडवाचे 40 किलो धरले तर बेरीज 1391 होते. शंभर किलो हातचे राहतात, आणि तेवढे राहू द्यावेत, कारण पावसात भिजलेली झाडं आणि लगडलेले वेलही वजन घालतात.

मुळ्यासाठी 20 सेंटिमीटर थोडे कमी पडतात. आखूड जातीचा मुळा लावा. लांब मुळा तळाला टेकला की वाकडा होतो किंवा दुभंगतो.

बॅगा मांडताना

विणलेल्या प्लास्टिकच्या, उन्हात टिकण्यासाठी प्रक्रिया केलेल्या बॅगा घ्या आणि बाहेरून पांढऱ्या घ्या. काळ्या बॅगेची पश्चिमेकडची बाजू दुपारी इतकी तापते की त्या बाजूची मुळं मरतात. हे बाहेरून कळत नाही. पाणी असूनही झाड दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी सावरतं, एवढंच दिसतं. हंगाम संपल्यावर बॅग उलटली की एका बाजूला मुळांची दाट जाळी आणि दुसऱ्या बाजूला कोरडी माती सापडते. पश्चिमेच्या रांगेपुढे पांढरं कापड किंवा फळी उभी केली तरी पुष्कळ फरक पडतो.

बॅग थेट फरशीवर ठेवू नका. तळाची भोकं फरशीला चिकटून बुजतात, खाली शेवाळ धरतं आणि तिथे वॉटरप्रूफिंग कायम ओलं राहतं. प्रत्येक बॅगेखाली तीन विटांचे तुकडे किंवा प्लास्टिकचं जाळीदार स्टँड पुरतं. भोकं नसतील तर तळापासून दोन सेंटिमीटर वर, बाजूने, बोटभर जाडीची सहा-आठ भोकं पाडा. बॅग रिकामी असताना जागेवर ठेवा आणि तिथेच भरा. भरलेली बॅग कानांना धरून उचलली की कान हातात येतात, बॅग तिथेच राहते.

बॅग म्हातारी झाल्याची खूण वरच्या काठावर दिसते. धागे सुटायला लागतात, बोटाने चोळलं की भुगा पडतो. त्या हंगामानंतर ती बदला, नाहीतर प्लास्टिकचा भुसा मिश्रणात मिसळत राहतो. दुधी, काकडी यांसारख्या वेलांना 37 लिटर कमी पडतात. त्यांच्यासाठी 60 लिटरच्या आसपासच्या दोन-तीन रुंद बॅगा घ्या आणि तेवढ्या वजनाच्या लहान बॅगा कमी करा.

वाफा पायांवर का

काही जण वाफा गच्चीच्या फरशीवरच बांधतात: खाली मुळं रोखणारा जाड प्लास्टिकचा पत्रा, त्यावर पाणी वाहून नेणारे ड्रेनेज सेल, त्यावर पाणी सोडणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड आणि मग मिश्रण. रचना बरोबर आहे. पण त्याखाली काय चाललंय ते पुन्हा कधी दिसत नाही. पायांवर उचललेला वाफा असला की वाकून बघता येतं, झाडू मारता येतो, गळती सापडली तर दुरुस्तीही करता येते. खाली किमान दहा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा.

तळाच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवून आत जिओटेक्स्टाइल अंथरा. फळ्यांना दर अर्ध्या मीटरवर आधार हवा, नाहीतर ओल्या वजनाने मधोमध पोट सुटतं आणि तिथेच पाणी साचतं. साडेचारशे किलो आठ पायांवर वाटले तर एका पायावर 56 किलो येतात. टोकदार लोखंडी पाय एवढ्या वजनाने वॉटरप्रूफिंगमध्ये रुततो, म्हणून प्रत्येक पायाखाली सपाट फरशीचा तुकडा आणि त्याखाली रबर ठेवा.

वाफ्याची दिशाही बघावी लागते. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी थोडा उतार दिलेला असतो. वाफा फरशीवर बांधलेला असेल आणि त्याची लांब बाजू उताराला आडवी आली, तर तो छोटं धरणच होतो. लांबी उताराच्या दिशेने ठेवा, पाणी जाण्याच्या तोंडाभोवती हात घालून साफ करता येईल एवढी जागा सोडा आणि वाफा कठड्याला कधीही चिकटवू नका. कठड्याच्या पायथ्याचा सांधा हीच गळतीची लाडकी जागा असते.

तळाला खडे घालू नका

कुंडीच्या तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. होतं उलटंच. बारीक कणांचं मिश्रण पाणी धरून ठेवतं आणि खालच्या मोठ्या खड्यांमध्ये ते सहज सोडत नाही. त्यामुळे भांड्याच्या तळाशी असणारा चिखलाचा थर खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो.

स्वयंपाकघरातल्या स्पंजवर हे पाहता येतं. स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, निथळू द्या. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा. आणखी पाणी गळतं. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. मिश्रणाच्या तळाशी असाच एक ओला थर राहतो आणि त्याची जाडी भांड्याच्या खोलीवर नाही, मिश्रण किती बारीक आहे यावर ठरते. 38 सेंटिमीटरच्या बॅगेत तळाचे पाच सेंटिमीटर चिंब राहिले तरी वर भरपूर जागा उरते. 20 सेंटिमीटरच्या वाफ्यात त्याच पाच सेंटिमीटरमध्ये पाव जागा गेली.

म्हणून वाफ्याचं मिश्रण बॅगेपेक्षा भरड हवं. मी वाफ्यासाठी पर्लाइट किंवा तुसाचं प्रमाण दुप्पट करतो आणि माती एका भागावर आणतो. भोकांतून मिश्रण वाहून जाऊ नये म्हणून खड्यांऐवजी जाळीचा किंवा कापडाचा एक तुकडा पुरतो. चूक झाली असेल तर ती कळते कशी? वरचा थर कोरडा दिसतो, तरी खालची पानं पिवळी पडतात आणि खालून आंबट वास येतो. तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे आगीत तेल.

नव्या सिमेंटच्या कुंडीचा त्रास

ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि मिश्रण अल्कधर्मी होतं. अशा मिश्रणात लोह असलं तरी झाडाला घेता येत नाही: नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. लिंबावर हे लगेच दिसतं. नवी कुंडी पाण्याने भरून ठेवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला आणि असे दोन आठवडे जाऊ द्या. नंतर झाड लावा. बाहेर येणारी पांढरी पावडर क्षारांची असते, ब्रशने झाडून टाकली तरी चालते. कुंडीचं खरं मोल वाऱ्याच्या कोपऱ्यात कळतं. उंच झाडासकट बॅग जिथे आडवी होते, तिथे सव्वाशे किलोची कुंडी हलत नाही.

पाणी

उन्हाळ्याच्या भरात फळांनी लगडलेल्या टोमॅटोला एका बॅगेत दिवसाला दोन-तीन लिटर पाणी लागू शकतं, वाफ्याला चौरस मीटरमागे सहा ते आठ लिटर. आकड्यापेक्षा हाताचा भरवसा ठेवा. बॅग एका बाजूने किंचित कलती करून पाहा, हलकी लागली तर पाणी. वाफ्यात बोट दोन पेरं खाली घाला.

कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी घ्यायला नाही म्हणतं. मिश्रण कडांपासून सुटलेलं असतं, पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं, भोकांतून बाहेर येतं आणि आपल्याला वाटतं पोटभर पाजलं. अशा वेळी थोडं पाणी घाला, पंधरा मिनिटं थांबा, मग उरलेलं घाला. ठिबक बसवत असाल तर बॅगेला तासाला दोन लिटरचा एक ड्रिपर पुरतो. वाफ्यात दर 30 सेंटिमीटरवर ड्रिपर असलेली नळी टाका. बॅगा आणि वाफा एकाच व्हॉल्व्हवर ठेवू नका. वाफा सावकाश सुकतो, बॅग भराभर, आणि एकत्र पाणी दिलं की दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं.

हंगामाच्या शेवटी मिश्रण खाली बसलेलं दिसेल, कारण कंपोस्ट कुजत जातं. बॅगेत ते आठ-दहा सेंटिमीटर उतरलं असेल तर वरून तेवढंच कंपोस्ट आणि थोडं पर्लाइट मिसळून भरा. भरताना मातीकडे हात जाऊ देऊ नका. दर हंगामात घमेलंभर माती वाढत गेली की तीन वर्षांत बादलीच्या मापाचा आकडा दीडच्या दिशेने चढतो, आणि सुरुवातीला केलेली बेरीज कागदावरच राहते. वर्षातून एकदा बादली पुन्हा भिजवून तोला.